उकळत्या पाण्यात मोजलेली उंची

नैनसिंह रावत हे कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचे शाळामास्तर. १८६५ मध्ये भारतीय सर्वेक्षण खात्याने त्यांना यात्रेकरूच्या वेशात तिबेटात धाडलं. तिबेटची दारं तेव्हा परक्या मोजणीदारांना बंद होती, म्हणून सगळी हत्यारं लपवूनच न्यावी लागली. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते, कारण तिच्यावर पावलं मोजायची होती. हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद होते, आणि थर्मामीटर काठीत दडवलेलं होतं. जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोहोचले आणि तिथे त्यांनी जी निरीक्षणं केली, त्यांत एक अगदी साधं होतं. पाणी उकळायचं, थर्मामीटर पाहायचं आणि आकडा टिपून ठेवायचा. ल्हासा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, हे त्या आकड्यावरून काढता येत होतं.

आज ल्हासाची उंची सुमारे ३,६५० मीटर धरतात. तिथे पाणी साधारण ८८ अंश सेल्सिअसला उकळतं. उंचावर हवेचा दाब कमी आणि दाब कमी म्हणून उत्कलनबिंदू खाली, एवढं शाळेच्या पुस्तकात असतंच. पण ‘खाली’ म्हणजे नेमका किती खाली? बारा अंशच का, दोन किंवा चाळीस का नाही? या ‘किती’चं उत्तर हवेत नाही, पाण्यातच आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला किती उष्णता लागते आणि ती वाफ किती जागा व्यापते, या दोन आकड्यांत ते दडलेलं आहे.

उकळी फुटते म्हणजे काय

पातेल्यात पाणी तापत ठेवलं की उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधीपासून पृष्ठभागावरून वाफ निघत असते. प्रत्येक तापमानाला पाण्याच्या वाफेचा एक ठरावीक दाब असतो. त्या दाबाला पाण्यातून बाहेर पडणारे आणि पाण्यात परतणारे रेणू समसमान होतात. २५ अंशांना हा बाष्पदाब जेमतेम ३ किलोपास्कल असतो, ६० अंशांना सुमारे २०, ८० अंशांना ४७ आणि १०० अंशांना १०१ किलोपास्कल. समुद्रसपाटीला हवेचा दाबही साधारण १०१ किलोपास्कलच असतो.

आता पातेल्याच्या तळाशी एखादा वाफेचा बुडबुडा धरला आहे असं समजू. त्याला बाहेरून हवा दाबते आहे, आतून वाफ ढकलते आहे. पाणी ८० अंशांवर असेल तर आतला जोर बाहेरच्या निम्माही नसतो, त्यामुळे बुडबुडा जागच्या जागी मिटतो. चहाच्या भांड्यातून उकळीच्या आधी जो सूं असा आवाज येतो, तो अशा मिटणाऱ्या बुडबुड्यांचा. आतला दाब बाहेरच्या दाबाला गाठतो त्या तापमानाला बुडबुडा टिकतो, फुगतो, वर येतो आणि पाणी खळखळायला लागतं. म्हणजे उत्कलनबिंदू हा एकट्या पाण्याचा गुण नव्हे. पाण्याचा बाष्पदाब आणि बाहेरचा दाब जिथे बरोबरीला येतात ते तापमान म्हणजे उत्कलनबिंदू. ल्हासाला हवेचा दाब सुमारे ६४.५ किलोपास्कल असतो आणि पाण्याचा बाष्पदाब ८८ अंशांच्या आसपासच तेवढा होतो.

आलेखाच्या कागदावर आडव्या रेघेवर तापमान आणि उभ्या रेघेवर दाब घेऊन हे सगळे बिंदू मांडले, तर एक वर चढत जाणारी रेषा मिळते. तिच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वाफ, आणि रेषेवर दोघं एकत्र नांदतात. पाणी आणि वाफ यांच्यातली ही सीमारेषा. ती किती उभी चढते यावर आपलं ‘किती’ अवलंबून आहे.

ब्लॅकचा तापलेला पत्रा

पाणी उकळायला लागल्यावर गॅस कितीही वेळ चालू ठेवा, थर्मामीटरचा आकडा हलत नाही. मग तेवढी उष्णता जाते कुठे? ग्लासगो विद्यापीठातले जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रश्न घड्याळ लावून सोडवला. त्यांनी पत्र्याच्या सपाट तळाच्या भांड्यांत थोडं पाणी घेतलं आणि भांडी लालभडक तापलेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवली. ५० अंश फॅरनहाइटचं पाणी उकळायला ४ मिनिटं लागली, आणि पुढे सगळं पाणी आटून जायला २० मिनिटं. पहिल्या ४ मिनिटांत पाणी १६२ अंश फॅरनहाइटने तापलं होतं. पत्रा सारख्याच वेगाने उष्णता देत असेल, तर पुढच्या २० मिनिटांत पाण्याला ८१० अंश चढतील एवढी उष्णता मिळाली होती. थर्मामीटरवर मात्र तिचा मागमूस नव्हता. ती वाफेबरोबर निघून गेली होती.

या उष्णतेला आपण अप्रकट उष्मा म्हणतो. आजच्या मोजणीनुसार ब्लॅक यांचा आकडा कमी पडतो, खरा आकडा ९७० अंश फॅरनहाइटच्या जवळ येतो. पण लोखंडी पत्रा आणि घड्याळ एवढ्या सामग्रीवर ते पुष्कळच जवळ पोहोचले होते. आजच्या एककांत सांगायचं तर १०० अंशांच्या एक किलो पाण्याची १०० अंशांचीच वाफ करायला २,२५७ किलोज्यूल लागतात. तेच पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत आणायला ३१४ किलोज्यूल पुरतात. म्हणून ज्या आचेवर एक लिटरचं आधण पाच मिनिटांत येतं, त्याच आचेवर ते पूर्ण आटवायला आणखी अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो.

ही उष्णता दोन कामांत खर्च होते. बहुतेक सगळी रेणूंची एकमेकांवरची पकड सोडवण्यात जाते. उरलेली हवा मागे सारण्यात जाते, कारण एक किलो पाणी लिटरभर जागेत मावतं आणि त्याची समुद्रसपाटीच्या दाबाखालची वाफ १,६७० लिटर जागा मागते. ही जागा करायला सुमारे १६९ किलोज्यूल लागतात, म्हणजे एकूण खर्चाचा साधारण तेरावा भाग.

उष्णतेवरून दाबाचा हिशेब

अप्रकट उष्मा मोजायला चूल आणि घड्याळ लागतं, तर दाब मोजायला पाऱ्याची नळी. या दोघांची सांगड एमिल क्लॅपेरॉन या फ्रेंच इंजिनिअरने १८३४ मध्ये घातली. दहा वर्षांपूर्वी सादी कार्नो यांनी उष्णतेच्या इंजिनांवर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं आणि ते जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. क्लॅपेरॉननी त्यातला विचार आलेखावर मांडला. त्यांच्या सूत्रात तापमानावर अवलंबून असलेली एक राशी अनोळखीच राहिली होती. १८५० च्या सुमारास रुडॉल्फ क्लॉसियस यांनी ती जागा भरली, आणि ती राशी म्हणजे निरपेक्ष तापमानच निघालं. म्हणून या सूत्राला दोघांची नावं जोडतात.

युक्तिवाद सोपा आहे, आकडे घेऊन करून पाहू. एका नळकांड्यात एक किलो पाणी आहे, वर सरकता दट्ट्या आहे. पाणी १०१ अंशांवर ठेवून त्याची पूर्ण वाफ करू. वाफ दट्ट्याला वर ढकलेल, आणि ढकलताना तिचा दाब १०१ अंशांना असतो तेवढा असेल. मग सगळं एका अंशाने थंड करू आणि १०० अंशांना वाफेचं पुन्हा पाणी होऊ देऊ. या परतीच्या फेरीत दट्ट्याला खाली ढकलायचं काम आपण करू, पण १०० अंशांच्या, म्हणजे थोड्या कमी दाबाविरुद्ध. वर जाताना मिळालेलं काम जास्त, खाली आणताना लागलेलं कमी. जो फरक उरला तो आपला नफा. हा नफा म्हणजे दोन दाबांमधला फरक गुणिले वाफेने व्यापलेली जागा. हे एक चिमुकलं वाफेचं इंजिनच झालं.

आता कार्नो यांचा नियम सांगतो की दोन तापमानांच्या मध्ये चालणारं कोणतंही आदर्श इंजिन घेतलेल्या उष्णतेचा ठरावीक हिस्साच कामात बदलू शकतं. तो हिस्सा म्हणजे तापमानांतला फरक भागिले निरपेक्ष तापमान. इथे फरक एक अंशाचा आहे आणि १०० अंश सेल्सिअस म्हणजे निरपेक्ष मापाने ३७३, म्हणून हिस्सा ३७३ वा. घेतलेली उष्णता २,२५७ किलोज्यूल, तिचा ३७३ वा भाग सुमारे ६ किलोज्यूल. वाफेने व्यापलेली जागा १.६७ घनमीटर. मग दाबांतला फरक किती असला पाहिजे? ६.०५ भागिले १.६७, म्हणजे ३.६ किलोपास्कल.

दाबमापकाला हातही न लावता आपण सांगून टाकलं की १०० अंशांच्या आसपास पाणी एका अंशाने तापलं की बाष्पदाब ३.६ किलोपास्कलने वाढतो. प्रत्यक्ष मोजणीतही हाच आकडा येतो. तो वेगळा आला असता, तर पाण्याचं इंजिन दुसऱ्या एखाद्या द्रवाच्या इंजिनाला जोडून फुकटचं काम काढता आलं असतं, आणि ते निसर्गात होत नाही. सूत्र असं लिहितात:

dP/dT = L / (T × ΔV)

डावीकडे सीमारेषेचा चढ, म्हणजे एका अंशाला दाब किती बदलतो ते. उजवीकडे वरती अप्रकट उष्मा L, खाली निरपेक्ष तापमान T, आणि अवस्था बदलताना आकारमानात पडणारा फरक ΔV. उष्णता जास्त लागत असेल तर रेषा उभी चढते. जागा जास्त लागत असेल तर ती आडवी पडते, कारण जिला पसरायला खूप जागा हवी, तिच्यावर थोडा जास्त दाब आला तरी फार फरक पडतो.

तीनशे मीटरला एक अंश

आता डोंगर चढू. समुद्रसपाटीजवळ दर मीटरला हवेचा दाब साधारण १२ पास्कलने उतरतो. पाण्याला एक अंश खाली यायला ३,६०० पास्कलची घट हवी. भागाकार केला की ३०० मीटर येतात. मुंबईत १०० अंशांना उकळणारं पाणी ५६० मीटरवरच्या पुण्यात ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला सुमारे साडेपंच्याण्णवला, आणि १,६४६ मीटरच्या कळसूबाईच्या माथ्यावर साडेचौऱ्याण्णवच्या आसपास.

ल्हासाचा हिशेब करताना मात्र एक अडचण येते. तिथला दाब समुद्रसपाटीहून जवळपास ३७ किलोपास्कलने कमी आहे. अंशाला ३.६ या दराने भागलं तर दहा अंशांचीच घट निघते, म्हणजे पाणी ९० अंशांना उकळायला हवं. प्रत्यक्षात ते ८८ ला उकळतं. गडबड अशी की सीमारेषा सरळ नाही. दाब कमी होतो तशी वाफ जास्त पसरते. ८८ अंशांना एक किलो वाफ १.६७ नव्हे तर अडीच घनमीटरच्या आसपास जागा घेते. सूत्रात ΔV खाली आहे, तो वाढला की चढ कमी होतो. म्हणून ल्हासाजवळ रेषेचा चढ अंशाला फक्त अडीच किलोपास्कलच उरतो, आणि दाबाच्या तेवढ्याच घटीला पाण्याचं तापमान जास्त उतरतं.

मग तीनशे मीटरचा ठोकताळा ल्हासाला चुकायला हवा. तो चुकत नाही. ३,६५० भागिले ३०० म्हणजे बारा अंश, आणि बरोबर तेवढीच घट तिथे आहे. कारण उंचावर वाफ जशी विरळ होते तशी हवाही विरळ होते. ल्हासाला एक मीटर चढल्यावर दाब १२ नव्हे, सुमारे ८.३ पास्कलनेच उतरतो. २,५०० ला ८.३ ने भागा, पुन्हा ३०० मीटर. पाण्याच्या रेषेचा चढ दाबाच्या प्रमाणात घटतो आणि हवेची घट होण्याचा वेगही दाबाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे भागाकारातून दाब निघूनच जातो. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांना जवळ पाऱ्याची लांब, नाजूक नळी नसली तरी थर्मामीटर आणि एक कोष्टक एवढ्यावर डोंगर मोजता आले.

आकडा कुठे घसरतो

तीनशे मीटरला एक अंश, याची दुसरी बाजू अशी की थर्मामीटर वाचताना अंशाचा दहावा भाग चुकला, तर उंची ३० मीटरनी चुकते. म्हणून या कामाची थर्मामीटरं खास असत. त्यांचं माप उकळण्याच्या आसपासच्या थोड्याच अंशांपुरतं, पण लांब ताणून आखलेलं असे.

दुसरी चूक पाण्यातूनच येते. लिटरभर पाण्यात मिठाचे दोन-तीन मोठे चमचे, म्हणजे ५८ ग्रॅम विरघळले, तर ते सुमारे एक अंश जास्त तापमानाला उकळतं. तेवढ्याने आपण खऱ्या जागेपेक्षा ३०० मीटर खाली आहोत असं वाटेल. शिवाय गुळगुळीत भांड्यात पाणी कधीकधी उत्कलनबिंदूच्या पुढे तापतं आणि मग एकदम उसळतं. यावरचा उपाय म्हणजे थर्मामीटरचा फुगा पाण्यात न बुडवता वरच्या वाफेत धरायचा. पाणी खारट असो की जास्त तापलेलं, वाफ शुद्ध पाण्याची असते. ती फुग्यावर थिजते आणि थिजताना तिथल्या दाबाला शोभेल तेच तापमान राखते. उंची मोजण्याच्या उपकरणात म्हणूनच पाण्याच्या टाकीवर एक उभी नळी असते आणि थर्मामीटर त्या नळीत लोंबकळतं.

तिसरी चूक हवामानाची. मुंबईत जुलै महिन्यात हवेचा दाब जानेवारीपेक्षा जवळपास एक किलोपास्कलने कमी असतो. तेवढ्याने पाव अंशाहून थोडा जास्त फरक पडतो, म्हणजे मुंबई पावसाळ्यात ऐंशी-नव्वद मीटर वर उचलली गेल्यासारखी दिसते. यासाठी ज्याची उंची ठाऊक आहे अशा ठिकाणी त्याच सुमाराला दाब मोजून तुलना करावी लागते.

आणि चौथी चूक थंडीची. थंड हवा जड असते, ती चढताना दाब लवकर उतरतो. सरासरी हवा १० अंशांनी जास्त थंड असली, तर ल्हासाच्या उंचीत सव्वाशे मीटरच्या आसपास फरक पडतो. नैनसिंह तिथे ऐन जानेवारीत होते, म्हणून नुसता उकळीचा आकडा पुरेसा नाही, हवेचं तापमानही टिपावं लागतं.

कुकरमध्ये रेषा वर चढते

सीमारेषेच्या दुसऱ्या टोकाला चढण्यासाठी डोंगर लागत नाही, घरचा कुकर पुरतो. साधारण कुकरची शिटी आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे १०० किलोपास्कलने वाढला की उचलली जाते. समुद्रसपाटीला म्हणजे आत एकूण २०० किलोपास्कल. अंशाला ३.६ या दराने भागलं तर पाणी १२८ अंशांना पोहोचायला हवं, पण ते १२० लाच थांबतं. ल्हासाला जे घडलं त्याच्या उलट इथे घडतं. दाब वाढला की वाफ आवळून बसते, १२० अंशांना तिचं आकारमान किलोला ०.८९ घनमीटरच उरतं, आणि रेषा अंशाला सव्वासहा किलोपास्कलपर्यंत उभी होते. दाब दुप्पट केला तरी वीसच अंश पदरात पडतात.

शिटी होऊ लागल्यावर आच मोठी ठेवल्याने डाळ लवकर शिजत नाही, त्याचं कारणही इथेच आहे. शिटीने दाब ठरवला की तापमान ठरलं. वरचा जास्तीचा गॅस तापमान वाढवत नाही, तो फक्त आणखी पाण्याची वाफ करतो. बाहेर पडणारी प्रत्येक ग्रॅम वाफ २.२ किलोज्यूल उष्णता घेऊन जाते आणि आपण ती शिट्या मोजत स्वयंपाकघरात सोडतो. दाब टिकेल एवढी बारीक आच पुरते.

मात्र हा हिशेब आत निव्वळ वाफ आहे असं धरून केलेला आहे. झाकण लावताना कुकरमध्ये हवाही अडकलेली असते. शिटीला एकूण दाब कळतो, त्यात वाफेचा वाटा किती हे कळत नाही. वरच्या भांड्याभोवती निम्मी हवा आणि निम्मी वाफ असेल, तर वाफेचा वाटा १०० किलोपास्कल उरतो आणि त्या भांड्यापाशी तापमान १०० अंशांच्याच आसपास राहतं. खालच्या पाण्याची उकळी ही हवा हळूहळू बाहेर ढकलते, पण तोवर वेळ जातो. नळीतून वाफेची सलग धार आल्यावरच शिटी ठेवा, ही सूचना त्यासाठी असते.

उंचावर कुकर का हवाच, हेही आकड्यांत दिसतं. ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये उघड्या पातेल्यात पाणी ८८ अंशांच्या थोडं वर उकळतं, म्हणजे मुंबईपेक्षा बारा अंश कमी. तोच कुकर तिथे नेला तर शिटी पूर्वीइतकाच जास्तीचा दाब राखते, पण बाहेरचा दाबच कमी असल्याने आतला एकूण दाब १६६ किलोपास्कलच्या जवळ राहतो आणि तापमान ११४. मुंबईपेक्षा सहाच अंशांचा तोटा. कुकर आपल्याला रेषेच्या उभ्या भागात नेतो, आणि तिथे दाबात तेवढीच तूट आली तरी तापमान कमी घसरतं.

बर्फाची उलटी रेषा

हेच सूत्र बर्फाला लावलं की खरी कसोटी लागते. बर्फ वितळताना उष्णता लागते, किलोला ३३४ किलोज्यूल. पण आकारमान वाढण्याऐवजी घटतं. बर्फ पाण्यावर तरंगतो तो याचसाठी. ΔV उणे झाला की चढही उणा होतो. म्हणजे दाब वाढवला की बर्फाचा वितळणबिंदू वर न जाता खाली यायला हवा. हे तोवर कोणी पाहिलेलं नव्हतं. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांचे भाऊ जेम्स यांनी १८४९ मध्ये कार्नो यांच्याच युक्तिवादाने हे भाकीत मांडलं, आणि विल्यमनी १८५० मध्ये प्रयोग करून ते खरं ठरवलं.

प्रयोग नाजूक होता, कारण परिणाम फारच लहान आहे. वितळताना आकारमानातला फरक किलोला लिटरचा जेमतेम अकरावा भाग. ३,३४,००० ज्यूलना २७३ ने आणि ०.००००९ घनमीटरने भागा, तर अंशाला साडेतेरा मेगापास्कल येतात, म्हणजे समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाच्या सुमारे १३४ पट. उत्कलनबिंदू एका अंशाने हलवायला ३०० मीटरची चढण पुरते. वितळणबिंदू एका अंशाने हलवायला त्याच्या ३,७०० पटींहून जास्त दाबाचा फरक लागतो. दोन्ही ठिकाणी पाणी तेच आणि सूत्र तेच आहे. वाफ होताना लागणारी उष्णता तर बर्फ वितळण्यापेक्षा जवळपास सातपट जास्त आहे, म्हणजे नुसत्या उष्णतेवर गेलं तर वाफेची रेषा जास्त उभी असायला हवी होती. ती तशी नाही, कारण पाण्याची वाफ होताना आकारमान हजारो लिटरच्या हिशेबात वाढतं आणि बर्फाचं पाणी होताना वाटीभरही बदलत नाही. ल्हासाला पाणी बारा अंश लवकर उकळतं, पण बर्फ मात्र तिथेही मुंबईच्या फ्रिजमधल्या बर्फाइतक्याच तापमानाला वितळतो. फरक अंशाच्या तीनशेव्या भागाहूनही कमी पडतो, आणि नैनसिंहांच्या काठीतल्या थर्मामीटरला तो दिसण्याची सोय नव्हती.